बारा शब्द आणि एक सही: बँकेशिवाय पेमेंट मंजूर होतं ते नेमकं कुठे

भाच्याने लॅपटॉपचं वायफाय बंद केलं, स्क्रीनवरच्या बिटकॉइन वॉलेटमधलं `Sign` बटण दाबलं आणि सही झालेली दिसताच माझ्याकडे वळून विचारलं, "मामा, नेट तर बंद आहे. मग मंजुरी दिली कोणी?"

नाशिकरोडच्या आमच्या घरात त्या रविवारी दोन-अडीच तास या एकाच प्रश्नावर गेले. क्रिप्टोबद्दल भाव किती चढला आणि किती पडला एवढंच बोललं जातं, पण त्याने विचारलेली गोष्ट फारसं कुणी उलगडून सांगत नाही. त्या दिवशी आम्ही जे जे केलं ते त्याच क्रमाने इथे लिहितो आहे. तुम्हीही लॅपटॉप समोर ठेवून तसंच करून बघा. एक रुपयाही लागणार नाही.

आधी आपल्या सवयीचं उदाहरण घेऊ. शालिमारला चहा घेतला, क्यूआर कोड स्कॅन केला, यूपीआय पिन टाकला. तो पिन कुलूपबंद होऊन तुमच्या बँकेकडे जातो. बँक पिन तपासते, खात्यात शिल्लक आहे का बघते आणि तुमच्या खात्यातून रक्कम वजा करते. म्हणजे तुम्ही फक्त विनंती करता, मंजुरी बँक देते. म्हणून तर बँकेचा सर्व्हर बंद असला की खिशात फोन आणि खात्यात पैसे असूनही आपण टपरीवर ताटकळतो.

नोटेचं वेगळं. आमच्या नाशिकरोडच्या प्रेसमध्ये १९२८ पासून नोटा छापल्या जातात. नोटेवर रिझर्व्ह बँकेच्या गव्हर्नरची सही छापलेली असते आणि त्या एका सहीच्या भरवशावर ती नोट हजारो हातांतून फिरते. बिटकॉइनमध्ये सही असते, पण ती देणाऱ्याची. ती प्रत्येक पेमेंटला नव्याने करावी लागते आणि त्या एका पेमेंटपुरतीच चालते. भाच्याच्या लॅपटॉपवर नेट बंद असताना झाली ती हीच सही, आणि मंजुरी म्हणतात ती एवढीच. नेटवर्क नंतर ती फक्त तपासतं.

मी इथे बिटकॉइनपुरतंच बोलणार आहे. इथेरियमसारख्या इतर नेटवर्कवर व्यवहाराची मांडणी निराळी असते, पण किल्ली आणि सहीचं मूळ तेच.

सराव खोट्या नाण्यांवर

बिटकॉइनची सरावासाठीची वेगळी नेटवर्क आहेत, त्यातलं एक सिग्नेट. त्यावरची नाणी फुकट मिळतात आणि त्यांना काही किंमत नसते. किल्ली, सही आणि व्यवहार मात्र खऱ्यासारखेच चालतात. आम्ही स्पॅरो हे वॉलेट वापरलं. वॉलेट म्हणजे किल्ल्या सांभाळणारा आणि सही करणारा प्रोग्राम. ते `sparrowwallet.com` वरूनच उतरवा. गुगलवर वर दिसणाऱ्या जाहिरातीवर क्लिक करू नका, हुबेहूब दिसणारी बनावट वॉलेटं तिथेच दबा धरून असतात.

स्पॅरो उघडून `Tools` मेनूतल्या `Restart In` मधून `Signet` निवडा. व्यवहारांची माहिती पुरवणारा सर्व्हर विचारला तर सिग्नेटचा सार्वजनिक इलेक्ट्रम सर्व्हर द्या. मग नवीन वॉलेट काढा, प्रकार `Native Segwit` ठेवा, `New or Imported Software Wallet` वर जा आणि बारा शब्दांची सीड फ्रेज निवडून `Generate New` दाबा. बारा इंग्रजी शब्द समोर येतील. ते कागदावर क्रमाने लिहा. स्क्रीनशॉट काढू नका. सराव असला तरी हाताला सवय योग्यच लागावी. पुढे स्पॅरो तेच शब्द पुन्हा टाकायला लावतं आणि शेवटी `Apply` दाबताना एक पासवर्ड मागतं.

इथे पहिला गोंधळ होतो. हा पासवर्ड या लॅपटॉपवरच्या वॉलेटच्या फाइलचं कुलूप आहे, त्यापलीकडे त्याला काही अर्थ नाही. पासवर्ड विसरलात तर बारा शब्दांवरून सगळं परत उभं करता येतं. शब्द हरवले आणि लॅपटॉपही गेला, तर पासवर्ड तोंडपाठ असून उपयोग नाही.

बारा शब्दांत दडलेलं काय असतं

या शब्दांचा अर्थ शोधू नका, ते अंकांसारखे आहेत. बीआयपी-३९ नावाच्या ठरावाने २०४८ इंग्रजी शब्दांची एक यादी पक्की केली आहे. यादीतल्या प्रत्येक शब्दाला ० ते २०४७ असा क्रमांक आहे. २०४८ म्हणजे २ चा अकरावा घात, म्हणजे एक शब्द अकरा वेळा नाणं उडवून आलेल्या छाप्या-काट्याची नोंद ठेवतो. बारा शब्द म्हणजे १३२ नोंदी, म्हणजेच १३२ बिट. त्यातल्या १२८ खरोखर नशिबाच्या, म्हणजे वॉलेटने यादृच्छिक काढलेल्या, आणि शेवटच्या ४ पडताळणीच्या, त्यांना चेकसम म्हणतात.

भाच्याला हे तोंडी पटेना, म्हणून कागदावर केलं. समजा नाणं १२८ वेळा उडवलं आणि प्रत्येक वेळी शून्यच आलं. पहिल्या अकरा शब्दांत १२१ शून्यं जातील. यादीतला शून्य क्रमांकाचा शब्द `abandon`, म्हणून अकरा वेळा `abandon`. बाराव्या शब्दासाठी ७ शून्यं उरली आणि ४ जागा रिकाम्या राहिल्या. त्या जागा भरायला सगळी १२८ शून्यं एसएचए-२५६ या गणितातून काढायची आणि उत्तराचे पहिले चार बिट घ्यायचे. ते येतात `0011`, म्हणजे ३. यादीत ० ला `abandon`, १ ला `ability`, २ ला `able` आणि ३ ला `about`. म्हणून बारावा शब्द `about`.

आता स्पॅरोमध्ये अकरा `abandon` आणि शेवटी `about` टाकून बघा, ते स्वीकारेल. बारावाही `abandon` टाकलात तर चेकसम चुकल्याचं सांगेल. शब्द उतरवताना चूक झाली तर ती लगेच पकडता यावी म्हणून हे चार बिट आहेत. पण चुकीचा शब्द योगायोगाने चेकसममध्ये बसण्याची शक्यता सोळात एक राहतेच, म्हणून त्यावर डोळे झाकून विसंबू नका. आणि ही `abandon` वाली फ्रेज जगाला माहीत आहे. तिच्यावर खरे पैसे चुकूनही पाठवू नका, आलेलं लगेच उचलून नेणारे प्रोग्राम तिच्यावर पाळत ठेवून असतात.

शब्दांपासून किल्लीपर्यंत

सीड फ्रेज आणि प्रायव्हेट की या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, लोक त्या एकच समजतात. प्रायव्हेट की म्हणजे सही करण्याची गुप्त किल्ली, एक प्रचंड मोठी संख्या, दशांश पद्धतीत लिहिली तर ७८ अंकांपर्यंत जाते. सीड फ्रेज म्हणजे अशा कितीही किल्ल्या ज्यापासून काढता येतात ते बी.

वॉलेट बारा शब्दांवर पीबीकेडीएफ२ या पद्धतीने एकच क्रिया २०४८ वेळा चालवतं आणि ५१२ बिटांचं बी तयार करतं. मुद्दाम इतक्या वेळा, म्हणजे शब्दांचा अंदाज बांधून पाहणाऱ्याला प्रत्येक प्रयत्नाला तेवढा वेळ मोजावा लागावा. त्या बीपासून मूळ किल्ली निघते आणि मूळ किल्लीपासून ठरलेल्या वाटेने हवी ती किल्ली. आमच्या सिग्नेट वॉलेटच्या पहिल्या पत्त्याची वाट अशी होती:

```
m/84'/1'/0'/0/0
```

घराच्या पत्त्यासारखं वाचा. ८४ म्हणजे पत्त्याचा प्रकार, १ म्हणजे सरावाचं नेटवर्क (खऱ्या बिटकॉइनला इथे ० असतो), मग खातं क्रमांक ०, मग पैसे घेण्याची शाखा ०, आणि शेवटी त्या शाखेतला पहिला पत्ता. शेवटचा आकडा १ केला की दुसरी किल्ली आणि दुसरा पत्ता. यात नशिबाचा भाग कुठेच नाही. तेच शब्द, तीच वाट, की जगात कुठल्याही यंत्रावर तीच किल्ली निघते.

प्रायव्हेट कीवरून `secp256k1` नावाच्या वक्रावरच्या गणिताने पब्लिक की निघते आणि पब्लिक कीचा हॅश, म्हणजे गणिताने काढलेला ठरावीक लांबीचा ठसा, घेऊन पत्ता बनतो. सिग्नेटवर तो `tb1q` ने सुरू होतो, खऱ्या नेटवर्कवर `bc1q` ने. ही वाट एकाच दिशेची आहे. पत्ता जगाला दिला तरी त्यावरून मागे किल्लीपर्यंत कुणी पोचत नाही.

वर सांगितलेल्या सगळ्यात नाव, मोबाइल नंबर, केवायसी कुठेच आलेलं नाही हे लक्षात घ्या. पत्त्याची नोंदणीही कुठे करावी लागत नाही. तो गणितातून निघाला की वापरायला तयार.

पेमेंट: आधी बांधणी

`Receive` मधला पत्ता सिग्नेटच्या फॉसेटला, म्हणजे सरावाची नाणी फुकट वाटणाऱ्या वेबसाइटला, देऊन भाच्याने ५,००,००० सॅट मागवले. सॅट हा बिटकॉइनचा पैसा, एका बिटकॉइनमध्ये दहा कोटी सॅट. थोड्या वेळाने रक्कम दिसायला लागली.

ती "वॉलेटमध्ये आली" असं आपण म्हणतो, पण लॅपटॉपमध्ये काहीच आलेलं नसतं. जगभरच्या हजारो संगणकांवर, ज्यांना नोड म्हणतात, एक सामाईक वही आहे. त्या वहीत एक ओळ वाढली: ५,००,००० सॅट, आणि ते मोडायची अट अशी की या पत्त्याच्या किल्लीची सही दाखवा. लॅपटॉपमध्ये आहे ती फक्त किल्ली.

ही ओळ अर्धी मोडता येत नाही. पाचशेच्या नोटेसारखी ती पूर्ण द्यावी लागते आणि सुटे परत घ्यावे लागतात. भाच्याला मला १,२०,००० सॅट पाठवायचे होते. `Send` मध्ये माझा पत्ता, रक्कम आणि फीचा दर भरून त्याने `Create Transaction` दाबलं. दर त्याने प्रत्येक व्हर्च्युअल बाइटला ५ सॅट ठेवला. व्यवहाराचा आकार याच एककात मोजतात. एक ओळ आत आणि दोन बाहेर असा साधा व्यवहार सुमारे १४१ व्हर्च्युअल बाइटचा होतो, म्हणून फी ७०५. सगळा हिशेब असा:

```
आत            5,00,000
मामाला        1,20,000
सुटे (स्वतःला)  3,79,295
फी                705
```

सुटे परत घेण्यासाठी वॉलेटने आपणहून एक नवा पत्ता काढला, त्याच बीमधल्या दुसऱ्या शाखेवरचा. फी मात्र कुठल्याच ओळीत लिहिलेली नसते. आतल्या रकमेतून बाहेरच्या रकमा वजा जाता जे उरेल ती फी. म्हणून हाताने व्यवहार बांधताना सुट्यांची ओळ विसरली तर सगळे सुटे फीमध्ये जातात आणि परत मागायला कुणी नसतं. स्पॅरो ही ओळ स्वतः घालतं, तरीही सही करण्याआधी स्पॅरो व्यवहाराचं जे चित्र दाखवतं त्यात ती आहे ना हे बघायची सवय ठेवा.

सही: नेट बंद करून

`Finalize Transaction for Signing` दाबलं की मजकूर पक्का होतो. इथे वायफाय बंद करा, मग `Sign` दाबा आणि वॉलेटचा पासवर्ड द्या. सही क्षणात होते.

तेवढ्यात घडतं ते असं. वॉलेट व्यवहाराचा सगळा महत्त्वाचा मजकूर, म्हणजे कुठली ओळ मोडायची, कुणाला किती, सुटे कुठे, एकत्र करून त्याचा २५६ बिटांचा हॅश काढतं. मग प्रायव्हेट की, तो हॅश आणि फक्त याच सहीसाठी काढलेली एक गुप्त संख्या यांचं गणित करून दोन संख्या मिळतात, `r` आणि `s`. ही जोडी म्हणजे सही. ती पब्लिक कीसह व्यवहाराला जोडली जाते. प्रायव्हेट की लॅपटॉपमध्येच राहते.

हस्ताक्षराच्या सहीशी तुलना करायचा मोह होतो, पण फरक मोठा आहे. चेकवरची सही दुसऱ्या चेकवर गिरवता येते. ही सही मजकुरातूनच निघालेली असते. १,२०,००० चे कुणी १,२०,००१ केले की हॅश पार बदलतो आणि जुनी सही गैरलागू ठरते. मधल्या माणसाला रक्कम किंवा पत्ता बदलता येत नाही तो यामुळेच. आणि म्हणूनच ती उघड्यावर, कुठल्याही नेटवरून पाठवली तरी धोका नसतो.

त्या गुप्त संख्येबद्दल थोडं थांबून सांगतो, कारण इथे खरे अपघात झालेले आहेत. तीच गुप्त संख्या दोन सह्यांसाठी वापरली गेली तर वहीत दोन्ही सह्या बघणाऱ्याच्या हाती दोन समीकरणं आणि दोन अज्ञातं येतात, आणि शाळेतल्या बीजगणिताने प्रायव्हेट की बाहेर पडते. ऑगस्ट २०१३ मध्ये अँड्रॉइडच्या यादृच्छिक संख्या काढणाऱ्या भागात दोष सापडला आणि त्यामुळे काही बिटकॉइन वॉलेटं अशीच उघडी पडली. आता चांगली वॉलेटं ही संख्या नशिबावर सोडत नाहीत, किल्ली आणि मजकूर यांच्यापासूनच गणिताने काढतात. अनोळखी ॲपवर किल्ली ठेवू नका असं मी म्हणतो त्यामागे हे एक कारण आहे. बाहेरून तिथली सही अगदी बरोबर दिसते, दोष आत असतो.

मग नेटवर्क काय करतं

वायफाय चालू करून भाच्याने `Broadcast Transaction` दाबलं. सही केलेला व्यवहार एका नोडकडे गेला, त्याने तपासून पुढच्यांना दिला, असा तो पसरत गेला. प्रत्येक नोड स्वतः तपासतो, दुसऱ्याच्या सांगण्यावर जात नाही. मोडायची ओळ आपल्या वहीत आहे का आणि आधीच मोडलेली तर नाही ना. दिलेल्या पब्लिक कीचा हॅश त्या ओळीवरच्या पत्त्याशी जुळतो का. सही त्या पब्लिक कीची आणि नेमक्या याच मजकुराची आहे का. बाहेर जाणारी रक्कम आत आलेल्या रकमेपेक्षा जास्त तर नाही ना. यातलं एकही चुकलं तर नोड तो व्यवहार टाकून देतो.

सही तपासायला प्रायव्हेट की लागत नाही, पब्लिक की पुरते. सगळी गंमत इथे आहे. ज्याला सही करता येत नाही त्यालाही ती खरी आहे याची खात्री करून घेता येते. बँकेत जे काम एक अधिकृत यंत्रणा तुमच्या पिनची माहिती स्वतःकडे ठेवून करते, ते इथे कुणीही करू शकतो, कारण तपासायला गुपित लागतच नाही.

पसरलेला व्यवहार पुढे ब्लॉकमध्ये, म्हणजे वहीत एकदम नोंदवल्या जाणाऱ्या व्यवहारांच्या गठ्ठ्यात, जातो. ब्लॉक सरासरी दहा मिनिटांनी बनतो. तोवर `Unconfirmed` दिसतं. फी कमी ठेवली असेल तर खऱ्या नेटवर्कवर तासन्‌तास तसंच दिसू शकतं. पैसे कुठे गेले म्हणून घाबरू नका, ओळ अजून तुमचीच असते. फी वाढवून त्याच व्यवहारावर नवी सही करून पुन्हा पाठवता येतं. ब्लॉकमध्ये गेल्यावर मात्र मागे घ्यायचा मार्ग नाही. चुकीच्या पत्त्यावर गेलेलं परत आणायला ग्राहक सेवा केंद्र नाही की बँकेचा लोकपाल नाही. म्हणून खऱ्या पैशांनी पेमेंट करताना आधी अगदी थोडी रक्कम पाठवून बघतात, आणि पत्ता पेस्ट केल्यावर पहिली सहा आणि शेवटची सहा अक्षरं मूळ पत्त्याशी ताडून बघतात. कॉपी केलेला पत्ता परस्पर बदलणारे व्हायरस आहेत. आणि सही मजकुरावर होते हे आठवा: मजकुरात चोराचा पत्ता असेल तर तुमची सही त्या चोरीलाच मंजुरी देते. हार्डवेअर वॉलेट म्हणजे किल्ली ठेवायची वेगळी छोटी डबी, तिला स्वतःचा वेगळा पडदा असतो तो यासाठीच. किल्ली त्या डबीतच राहते, आणि पत्ता-रक्कम लॅपटॉपवर न बघता त्या पडद्यावर बघून मंजूर करायची.

कागद भिजला तेव्हा

आता माझ्यावर गुदरलेला प्रसंग. २०१९ च्या ऑगस्टमध्ये गोदावरीला मोठा पूर आला तेव्हा मी पंचवटीत भाड्याने राहत होतो. पाणी दुतोंड्या मारुतीच्या कुठपर्यंत चढलं यावर इथे पुराचं माप घेतात, आणि त्या दिवशी सगळ्यांचं लक्ष तिकडेच होतं. आमच्या तळमजल्यावर पाणी शिरलं. कपाटाच्या खालच्या खणातली कागदपत्रं भिजली, त्यात बारा शब्दांचा कागद होता. मी तो जेल पेनने लिहिला होता. अकरा शब्द कसेबसे लागले, आठव्याची पहिली तीन अक्षरं तेवढी दिसत होती: `sta`. पुढे निळा डाग.

ज्या फोनमध्ये वॉलेट होतं तोही पाण्यात गेला होता. माझी झोप उडाली. मग यादी उघडली. `sta` ने सुरू होणारे शब्द दहाच निघाले: `stable`, `stadium`, `staff`, `stage`, `stairs`, `stamp`, `stand`, `start`, `state`, `stay`. इंटरनेटला न जोडलेल्या जुन्या लॅपटॉपवर एकेक शब्द आठव्या जागी टाकत गेलो. नऊ चेकसममध्ये अडकले, एक बसला. पहिला पत्ता काढून बघितला, माझाच होता.

आठवा शब्द पूर्ण गेला असता तरीही आशा होती. २०४८ शब्दांपैकी सुमारे १२८ चेकसममध्ये बसले असते आणि तेवढ्यांचे पत्ते तपासणं म्हणजे एका संध्याकाळचं काम. दोन शब्द गेले तर जोड्या होतात ४१,९४,३०४, तिथे प्रोग्राम लिहावा लागतो. बारातले सहा गेले तर विषय संपला. यावरून एक सल्ला: सहा शब्द एका नातेवाइकाकडे आणि सहा दुसऱ्याकडे, अशी वाटणी काही लोक करतात, ती करू नका. एक तुकडा हरवला की सगळं जातं, आणि एक तुकडा चोराला मिळाला की त्याचं काम अब्जावधी पटींनी सोपं होतं.

त्यानंतर मी शब्द स्टीलच्या पट्टीवर घेतले. यादी अशी केली आहे की कुठल्याही शब्दाची पहिली चार अक्षरं त्याला ओळखायला पुरतात, म्हणून बारा गुणिले चार एवढीच अक्षरं ठोकावी लागतात. भांड्यांवर नाव घालून देणारे कारागीर आपल्याकडे भांडी बाजारात आहेत, पण हे काम त्यांना देऊ नका. अक्षरांच्या पंचांचा संच विकत आणा आणि घरी स्वतः ठोका. जो शब्द वाचेल तो तुमच्याइतकाच मालक होतो, नेटवर्कला दोघांतला फरक कळत नाही. वॉलेटचं "सपोर्ट" म्हणून शब्द मागणारा माणूस चोर असतो तो याच कारणाने. सही करायला तुमच्या यंत्राबाहेर कुणालाच शब्दांची गरज नसते.

शब्द बरोबर, तरी शिल्लक शून्य

हा प्रकार बऱ्याच जणांना घाम फोडतो. शब्द बरोबर टाकले, चेकसम बसला, आणि वॉलेट रिकामं दिसतं. बहुतेक वेळा वाट वेगळी असते. जुन्या वॉलेटने ८४ ऐवजी ४४ किंवा ४९ ची वाट धरलेली असते, मग नवीन वॉलेट त्याच बीच्या दुसऱ्याच फांदीवर बघत बसतं. पत्त्याचा प्रकार बदलून बघा. खऱ्या नेटवर्कवर `1` ने सुरू होणारा जुना पत्ता हाताशी असेल तर वाट ४४ ची, `3` ने होत असेल तर ४९ ची.

दुसरं कारण पासफ्रेज. बारा शब्दांसोबत आपल्या मनाचा एक जास्तीचा शब्द जोडता येतो. तो चुकला तर वॉलेट चूक दाखवत नाही, कारण त्याला चेकसम नसतो. कुठलाही पासफ्रेज टाका, एक पूर्ण बरोबर पण वेगळं वॉलेट उघडतं, रिकामं. मोठं अक्षर, लहान अक्षर, शेवटची मोकळी जागा, सगळं धरलं जातं. ज्यांनी तो शब्द कुठेच लिहून ठेवला नाही त्यांचे पैसे शब्द हातात असूनही गेले आहेत. मी तो वापरतो, पण वेगळ्या कागदावर वेगळ्या घरात लिहून.

आणि तुमची नाणी एक्स्चेंजच्या ॲपवर असतील तर यातलं काहीच तुम्हाला लागू नाही. तिथे किल्ल्या कंपनीच्या असतात आणि सही कंपनी करते. तुम्ही लॉगिन करून विनंती करता, अगदी बँकेसारखी. किल्ली आपली असली तरी आयकर मात्र सुटत नाही: भारतात क्रिप्टोच्या नफ्यावर ३० टक्के कर आहे आणि बिटकॉइन देऊन वस्तू घेतली तरी ते हस्तांतरणच धरलं जातं.

संध्याकाळी निघायच्या आधी भाच्याकडून शेवटची पायरी करून घेतली. खऱ्या पैशांना हात लावण्याआधी ही प्रत्येकाने करावी. स्पॅरोमधलं वॉलेट बंद करून त्याची फाइलच पुसून टाकायला लावली. "मामा, नक्की?" म्हणून त्याने एकदा विचारलं. मग माझ्या जुन्या लॅपटॉपवर, जिथे त्याचं काहीच नव्हतं, स्पॅरो सिग्नेटवर उघडलं आणि त्याने कागदावरून बारा शब्द टाकले. चेकसम बसला, सर्व्हर जोडला गेला, आणि दोन-चार सेकंदांत पडद्यावर आकडा आला: ३,७९,२९५.